बाकीचे पंचवीस जिल्हे कुठे गेले?

ठाणे जिल्ह्यात महाराष्ट्राची 18 टक्के लोकसंख्या राहते, असं मी एकदा लिहून बसलो होतो. 2011च्या जनगणनेवर एक छोटा तक्ता करायचा होता, सर्वांत मोठ्या दहा जिल्ह्यांचा. एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये पाच मिनिटांत तयार झाला. शेजारी टक्केवारीचा रकाना लावला, खाली 100 टक्के बेरीज आली, आणि मजकूर पुढे गेला. तक्ता तपासणाऱ्या सहकारी बाईंनी पेन्सिलीने एकच प्रश्न लिहून कागद परत पाठवला: “दहा जिल्ह्यांतच 100 टक्के झाले, मग बाकीचे पंचवीस जिल्हे कुठे गेले?”

खरा आकडा 9.84 टक्के आहे. माझी चूक जवळजवळ दुपटीची होती. एक्सेलने मात्र काहीच चुकवलं नव्हतं. मी जे विचारलं त्याचं त्याने बिनचूक उत्तर दिलं होतं. मी काय विचारलं हे मलाच कळलं नव्हतं. “पहिले दहा दाखव” ही पिव्हटमधली सर्वांत वापरातली सोय असेल, आणि तिच्या पोटात अशा दोन-तीन गोष्टी आहेत ज्या कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाहीत. म्हणून तोच तक्ता इथे पुन्हा पहिल्यापासून मांडतो.

पिव्हट टेबल ज्यांनी कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तुमच्याकडे शेकडो ओळींची लांबलचक यादी आहे. तिच्यातल्या एका रकान्यातली नावं डावीकडे एकेकदा मांडायची आणि प्रत्येक नावासमोर दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यांची बेरीज लावायची, एवढंच काम पिव्हट करतं. दुकानदार मालाच्या नावावर विक्रीची बेरीज लावतो, सोसायटीचा खजिनदार सदनिकेवर थकबाकीची. आपण जिल्ह्यावर लोकसंख्येची लावू.

जनगणनेची जिल्हावार फाइल उघडली की रकान्यांची नावं दिसतात ती अशी: `State` म्हणजे राज्याचा क्रमांक (महाराष्ट्राचा 27), `Level` म्हणजे ती ओळ राज्याची आहे की जिल्ह्याची, `Name` म्हणजे नाव, `TRU` म्हणजे एकूण, ग्रामीण की शहरी, आणि `TOT_P` म्हणजे लोकसंख्या. खरी गोम `TRU`मध्ये आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या तीन ओळी आहेत: `Total`, `Rural` आणि `Urban`. शिवाय 35 जिल्ह्यांबरोबर खुद्द राज्याच्याही तीन ओळी आहेत.

आता कुणी घाईत फक्त राज्य निवडलं, `Name` डावीकडे टाकलं, `TOT_P`ची बेरीज लावली आणि पहिले दहा मागितले, तर पहिल्या क्रमांकावर महाराष्ट्रच येईल, तोही दुप्पट लोकसंख्या घेऊन, कारण एकूण अधिक ग्रामीण अधिक शहरी म्हणजे सगळी माणसं दोनदा मोजलेली. गाळणी लावण्याआधीच्या सर्वांत खालच्या बेरजेत तर प्रत्येक माणूस चार वेळा धरलेला असतो: दोनदा जिल्ह्याच्या नावावर, दोनदा राज्याच्या. तिथे 44,94,97,332 असा आकडा दिसतो. महाराष्ट्राची 2011ची लोकसंख्या 11,23,74,333 होती हे ज्याला ठाऊक आहे तो तिथेच थांबेल. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी खूण एकच: गाळणी लावण्याआधी सर्वांत खालची बेरीज वाचावी आणि ती बाहेरच्या एखाद्या विश्वासाच्या आकड्याशी जुळवावी. दुकानाच्या हिशेबात तो आकडा बँकेच्या किंवा जीएसटीच्या विवरणात सापडतो.

म्हणून मांडणी अशी करायची. `State` आणि `Level` हे दोन्ही वरच्या `Filters` चौकटीत टाकून 27 आणि `DISTRICT` निवडायचं. `Name` जाईल `Rows`मध्ये, `TRU` जाईल `Columns`मध्ये आणि `TOT_P` जाईल `Values`मध्ये. `TRU`च्या यादीतून `Total`ची खूण काढायची. आता ग्रामीण आणि शहरी असे दोन रकाने उरतात आणि उजवीकडे त्यांची बेरीज `Grand Total` म्हणून येते. खाली 11,23,74,333. जुळलं.

राज्याची गाळणी विसरली तर काय होतं, तेही जाता जाता सांगतो, कारण हे फार फसवं आहे. पिव्हटला नावापलीकडे काही कळत नाही. 2011च्या यादीत औरंगाबाद नावाचे दोन जिल्हे आहेत, एक आपला आणि एक बिहारचा. आपला 37,01,282 लोकांचा, बिहारचा 25,40,073 लोकांचा. सगळ्या देशाच्या यादीत पिव्हट या दोघांना एकच समजून 62,41,355 माणसांचा एक जिल्हा उभा करतं, नाशिकपेक्षाही मोठा. उलटही होतं. एकाच मालाचं नाव एकदा “तांदूळ” आणि एकदा “तांदुळ” असं टंकलं, किंवा शेवटी एक मोकळी जागा राहिली, की एका मालाचे दोन होतात आणि दोघेही पहिल्या दहांतून गळतात. देवनागरीत हे जास्त होतं, कारण डोळ्यांना सारखा दिसणारा जोडाक्षराचा शब्द दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकलेला असू शकतो. पहिल्या दहांच्या यादीत हक्काचं नाव दिसलं नाही तर पूर्ण यादी वर्णक्रमाने लावून त्या अक्षरापाशी जाऊन बघावं. जुळी भावंडं तिथे शेजारी-शेजारी सापडतात.

आता मूळ काम. `Row Labels` शेजारच्या बाणावर क्लिक केलं की `Value Filters` दिसतं, त्याच्या आत तळाशी `Top 10...`. एक छोटी चौकट उघडते, तिच्यात डावीकडून उजवीकडे चार खिडक्या: `Top`, `10`, `Items` आणि `Sum of TOT_P`. ओके केलं की 35 जिल्ह्यांचे दहा होतात आणि बाणाच्या जागी नरसाळ्याचं चित्र येतं. हे नरसाळं म्हणजे इथे काहीतरी लपवलेलं आहे, अशी पाटी.

समोर आलेली यादी मात्र पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. सर्वांत वर अहमदनगर, मग औरंगाबाद, जळगाव, कोल्हापूर, आणि एक कोटी दहा लाखांचं ठाणे सर्वांत खाली. गाळणीचं काम फक्त कोण आत आणि कोण बाहेर एवढंच ठरवायचं. आत आलेल्यांना रांगेत उभं करणं तिचं काम नाही. जिल्हे इंग्रजी वर्णक्रमानेच उभे आहेत. रांग लावण्याचा हुकूम वेगळा द्यावा लागतो: `Grand Total` रकान्यातल्या कोणत्याही एका जिल्ह्याच्या आकड्यावर उजवं क्लिक, मग `Sort`, मग `Sort Largest to Smallest`. लगेच ठाणे वर येतं: 1,10,60,148. त्याखाली पुणे 94,29,408, मुंबई उपनगर 93,56,962, नाशिक 61,07,187, नागपूर 46,53,570, अहमदनगर 45,43,159, सोलापूर 43,17,756, जळगाव 42,29,917, कोल्हापूर 38,76,001 आणि दहावं औरंगाबाद 37,01,282.

उजवं क्लिक नेमकं कुठे केलं याला इथे महत्त्व आहे. तेच क्लिक तुम्ही `Urban` रकान्यात केलंत तर रांग शहरी लोकसंख्येवर लागते. मुंबई उपनगर पहिलं येतं, कारण तिथे ग्रामीण कुणीच नाही. ठाणे सुमारे 85 लाखांसह दुसरं, मग पुणे, नागपूर, नाशिक. तक्ता देखणा दिसतो, वर शीर्षक द्यावंसं वाटतं, “सर्वाधिक शहरी लोकसंख्येचे दहा जिल्हे”.

ते शीर्षक खोटं ठरेल. या यादीत मुंबई शहर जिल्हाच नाही. त्याची लोकसंख्या 30,85,411, सगळीच्या सगळी शहरी. त्या हिशेबाने राज्यात पाचवा क्रमांक, नाशिकच्या वर. पण एकूण लोकसंख्येत तो दहांत बसत नाही, म्हणून गाळणीने त्याला आधीच दाराबाहेर ठेवलं. `Top 10` ची गाळणी त्या ओळीच्या एकूण बेरजेवर निवड करते. तुम्ही नंतर कोणत्या रकान्यावर क्रम लावता याच्याशी तिला देणंघेणं नाही. निवड एका मापाने आणि रांग दुसऱ्या मापाने, असा हा प्रकार. आणि पडद्यावर कुठेही इशारा येत नाही.

शहरी लोकसंख्येचे खरे पहिले दहा हवे असतील तर गाळणीलाच फक्त शहरी आकडे दिसायला हवेत. `TRU`च्या यादीत `Rural`चीही खूण काढा आणि एकटं `Urban` ठेवा. एकूण बेरीज आता शहरीचीच झाली, आणि `Top 10` आपोआप नव्याने निवड करतं. मुंबई शहर आत येतं आणि कुणाला तरी जागा सोडावी लागते: अहमदनगरला. एकूण लोकसंख्येत सहावा असलेला हा जिल्हा 80 टक्के ग्रामीण आहे. त्याचे शहरी रहिवासी नऊ लाखांच्या आसपास, कोल्हापूरपेक्षा बरेच कमी. बाकीचे नऊ तेच राहतात. एकाच नावाची अदलाबदल म्हणजे फार काही नाही असं वाटेल, पण जे नाव गळलं होतं ते मुंबईचं होतं.

आता माझ्या 18 टक्क्यांकडे येतो. एकूण लोकसंख्येचा दहा जिल्ह्यांचा तक्ता पुन्हा समोर ठेवा आणि सर्वांत खालची ओळ वाचा. तिथे आता 11 कोटी नाहीत, 6,12,75,390 आहेत. `Grand Total` असं मोठ्या ऐटीत लिहिलेलं असलं तरी ती फक्त दिसणाऱ्या दहांची बेरीज आहे. गाळलेले पंचवीस जिल्हे, म्हणजे 5,10,98,943 माणसं, तिच्यातून निघून गेलेली असतात. मग `Show Values As` मधून `% of Grand Total` लावलं की भागाकार या छोट्या बेरजेने होतो. ठाण्याचे 1.1 कोटी भागिले 6.13 कोटी, म्हणजे 18.05 टक्के. भागायला हवं होतं 11.24 कोटींनी, म्हणजे 9.84. पिव्हटमध्ये दहांचे टक्के नेहमी 100 भरतात, आणि नेमकं म्हणूनच ते खरे वाटतात.

यावर एक्सेलमध्येच एक इलाज आहे, पण तो पिव्हट बनवताना करावा लागतो, नंतर आठवून उपयोग नाही. पिव्हट घालताना जी चौकट येते तिच्या तळाशी `Add this data to the Data Model` असं लिहिलेलं असतं. तिथे खूण करून पिव्हट बनवलं की `Design` पट्टीवर `Subtotals`च्या यादीत `Include Filtered Items in Totals` हा पर्याय जिवंत होतो. तो दाबला की दिसतात दहाच जिल्हे, पण खालची बेरीज 35 जिल्ह्यांची राहते आणि टक्केवारीही तिच्यावरच निघते. साध्या पिव्हटमध्ये हा पर्याय राखाडी दिसतो आणि माणूस आपलंच काही चुकलं म्हणून माउस आपटत बसतो. मीही आपटला आहे.

डेटा मॉडेलच्या वाटेला जायचं नसेल तर भाजक पिव्हटच्या बाहेरून आणावा. मूळ यादीला `Ctrl+T` ने टेबल करून `Pca` असं नाव दिलं असेल, तर बाजूच्या एखाद्या मोकळ्या चौकोनात हे सूत्र पुरतं:

```
=SUMIFS(Pca[TOT_P],Pca[State],27,Pca[Level],"DISTRICT",Pca[TRU],"Total")
```

हे पिव्हटला विचारतच नाही, थेट मूळ यादीतून 11,23,74,333 काढून आणतं. गाळणी काहीही करो. त्यातून पिव्हटची खालची बेरीज वजा केली की “इतर 25 जिल्हे” ही ओळ मिळते. ती ओळ पिव्हट स्वतः देत नाही, हे मला कायम खटकत आलं आहे. नको असलेली नावं निवडून त्यांचा `Group` करता येतो, पण तो हाताने केलेला गट असतो; पुढच्या महिन्यात विक्रीचे आकडे बदलले, अकरावा दहावा झाला, तरी तो गटातच अडकून राहतो. लोकसंख्येच्या जुन्या फाइलला हे चालतं, दुकानाच्या चालू हिशेबाला नाही.

आणि चालू हिशेबाबद्दल बोलतोच आहोत तर: मूळ यादीत नवी ओळ लिहिली म्हणून पहिले दहा आपोआप बदलत नाहीत. पिव्हटमध्ये उभं राहून `Alt+F5` दाबावं लागतं. ते दाबलं की निवडही नव्याने होते आणि आधी सांगितलेली रांगही पुन्हा लागते, ती वेगळी लावावी लागत नाही. पण मध्येच कुणी एखादं नाव माउसने ओढून वर-खाली केलं असेल तर एक्सेल समजतं की यापुढे रांग तुम्हीच लावणार, आणि आपण होऊन क्रम लावणं बंद करतं.

त्या चौकटीतली `Items` ही खिडकी मात्र बहुतेक जण कधी उघडतच नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत कामाची गोष्ट तिथेच आहे. तिच्यात आणखी दोन पर्याय आहेत, `Percent` आणि `Sum`. `Percent` निवडून 50 लिहिलं तर बरेच जण समजतात की 35 जिल्ह्यांपैकी निम्मे, म्हणजे सतरा-अठरा येतील. येतात नऊ. एक्सेल मोठ्यापासून खाली उतरत बेरीज करत जातं आणि एकूणाच्या 50 टक्क्यांना पोहोचलं की थांबतं. आठव्या जळगावपर्यंत 5,36,98,107 होतात, म्हणजे 47.8 टक्के, अजून कमी. नववं कोल्हापूर घेतलं की 5,75,74,108, म्हणजे 51.2 टक्के. निम्मा महाराष्ट्र नऊ जिल्ह्यांत राहत होता, हे त्या एका खिडकीने सांगितलं. तिथे 10 आकडा तसाच ठेवून नुसतं `Percent` केलं तर दोनच जिल्हे उरतात, ठाणे आणि पुणे, कारण एकट्या ठाण्याला 10 टक्क्यांची रेघ थोडक्यात हुकते. `Sum`मध्येही असंच: 50000000 लिहिलं तर पाच कोटींची रेघ ओलांडेपर्यंतचे जिल्हे, म्हणजे आठ, सोलापूरपर्यंत 4,94,68,190च होतात. दुकानदाराने हाच प्रश्न विचारायला हवा: माझी 80 टक्के विक्री कोणत्या मालातून येते? दहा हा आकडा शेवटी आपल्या बोटांवरून आलेला आहे, मालाच्या यादीवरून नव्हे.

कधीकधी दहा मागितले की अकरा किंवा बारा येतात. दहाव्या आणि अकराव्याचा आकडा अगदी सारखा असला तर एक्सेल कुणालाच डावलत नाही, दोघांनाही घेतं. लाखांच्या लोकसंख्येत असं होत नाही. तक्रारींची किंवा गैरहजेरीची संख्या मोजताना रोज होतं. आणि डावीकडे दोन पातळ्या असतील, आधी राज्य आणि त्याच्या आत जिल्हा, तर जिल्ह्यावर लावलेलं `Top 10` हे देशातले दहा देत नाही, प्रत्येक राज्यातले दहा देतं. गोव्यापाशी दोनच दिसतात, उत्तर आणि दक्षिण, कारण 2011च्या यादीत तिथे आहेतच दोन.

तक्ता दुरुस्त करून त्या बाईंकडे पुन्हा पाठवला. या वेळी दहा जिल्हे, अकरावी ओळ “इतर 25 जिल्हे, 45.5 टक्के”, आणि ठाण्यापुढे 9.8. कागद परत आला, तोही पेन्सिलीची खूण घेऊनच. ठाण्याच्या नावाला गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं: “पालघर?” 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, जिल्हे 36 झाले, आणि आमच्या तक्त्यातला पहिला क्रमांक त्या आकाराने आज नकाशावर नाही. ठाण्यापुढे एक तारा काढला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, “2011 च्या सीमांनुसार”.